‘री’ म्हणजे फक्त ‘पुन्हा’ नव्हे: ‘ॲक्ट’च्या फॉरवर्डला उत्तर

“इंग्लिशची सुपर ट्रिक! ॲक्ट म्हणजे कृती, एवढं एकच पाठ करा. ॲक्शन म्हणजे कृती, ॲक्टिव्ह म्हणजे कृती करणारा, ॲक्टिव्हेट म्हणजे कृती करायला लावणे, ॲक्टर म्हणजे कृती करणारा म्हणूनच हिरो. री म्हणजे पुन्हा, म्हणून रिॲक्शन म्हणजे पुन्हा कृती. फॅक्ट, ॲट्रॅक्ट, काँटॅक्ट सगळे याच घरातले. एक धातू, पन्नास शब्द, डिक्शनरी बंद! सोलापूरच्या प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोचवा.”

पोचवलंय खरं. दहावीतल्या भाचीच्या वहीत हे सगळं लाल पेनाने चौकटीत उतरलेलं आहे, आणि त्यातली निम्मी विधानं तिला परीक्षेत आणि परीक्षेबाहेरही अडचणीत आणणारी आहेत. म्हणून हा खुलासा.

सर्वांत घातक ओळ ‘री’ची आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो. लॅटिनमधून आलेल्या या ‘री’ला दोन अर्थ आहेत. एक ‘पुन्हा’ आणि दुसरा ‘माघारी, उलट दिशेने’. मराठी माणसाला हे जड जायचं कारण नाही, कारण आपल्या ‘परत’चं अगदी तसंच आहे. ‘परत सांग’ म्हणजे पुन्हा सांग. ‘माझे पैसे परत दे’ म्हणजे पुन्हा दे असं नव्हे, माझे मला माघारी दे. बँकेतलं बंद पडलेलं खातं ‘रिॲक्टिव्हेट’ करतात तेव्हा तिथला ‘री’ पहिल्या परतचा असतो, म्हणजे खातं पुन्हा चालू करणे. ‘रिॲक्ट’ आणि ‘रिॲक्शन’मधला ‘री’ मुळात दुसऱ्या परतचा आहे: समोरून जे आलं त्याला उलट जाणारं.

आता ‘पुन्हा कृती’ हा अर्थ डोक्यात धरून विज्ञानाचा पेपर सोडवला तर काय होतं ते बघा. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’मध्ये तिसरा नियम मांडला, त्यात ‘ॲक्शन’ आणि ‘रिॲक्शन’ हेच दोन शब्द लॅटिन रूपात आहेत. ‘पुन्हा’ म्हटलं की आधी एक, मग दुसरं असा क्रम आलाच. मग मूल लिहितं, “आधी क्रिया होते, नंतर प्रतिक्रिया होते.” हे चूक आहे. भरलेली हातगाडी ढकलताना तळहातावर जो दाब जाणवतो, तीच गाडीची प्रतिक्रिया. तुमचा जोर आणि गाडीचा उलटा जोर एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी संपतात. शिवाय एक बल गाडीवर असतं आणि दुसरं तुमच्यावर. दोन्ही एकाच वस्तूवर आहेत असं समजलं की ती एकमेकांना रद्द करतात आणि गाडी हलूच शकत नाही, असा उलटा निष्कर्ष निघतो.

रोजच्या बोलण्यातल्या रिॲक्शनला मात्र क्रम असतो. बातमी आधी येते, तिच्यावरची प्रतिक्रिया मागून. इथेही पहिलीच गोष्ट ‘पुन्हा’ घडत नाही.

रसायनशास्त्रात शब्द आणखी सरकतो. तिथे एक पदार्थ करणारा आणि दुसरा उत्तर देणारा असं काही उरत नाही. दोघे एकमेकांवर परिणाम करतात आणि त्यातून तिसरंच काही तयार होतं. म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकात रासायनिक ‘प्रतिक्रिया’ नसून रासायनिक ‘अभिक्रिया’ असते. मराठीने इथे दोन वेगळे शब्द घडवले आणि इंग्रजीने एकाच शब्दावर भागवलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा फरक दिसलेलाच नाही.

सोलापुरात या अर्थासाठी लांब जायला नको. टॉवेलच्या सुताला जे रंग देतात त्यांत ‘रिॲक्टिव्ह’ रंगांची एक मोठी जात आहे. ‘पुन्हा पुन्हा कृती करणारा रंग’ म्हणून त्यातून काहीच हाती लागत नाही. हा रंग सुती धाग्याला नुसता चिकटत नाही. धाग्यातल्या सेल्युलोजशी त्याचा रासायनिक बंध तयार होतो, तो धाग्याचाच भाग होतो, म्हणून तो रिॲक्टिव्ह. डाईंगमध्ये आधी पाण्यात रंग आणि मीठ जातं. मिठामुळे रंग पाण्यातून सुताकडे सरकतो, पण अजून जोडला गेलेला नसतो. मग धुण्याचा सोडा टाकतात. पाणी अल्कधर्मी झालं की बंध जुळायला लागतात, आणि खरी रिॲक्शन ती. सोडा घाईने आधीच पडला, तर रंग सगळीकडे सारखा पसरण्याआधीच जिथल्या तिथे पक्का होतो आणि सुतावर डाग-पट्टे उठतात. आणखी एक गोष्ट म्हणजे थोडा रंग सुताऐवजी पाण्याशीच रिॲक्ट होतो. तो आता कशाशीच जोडला जाऊ शकत नाही, नुसता धाग्यांत अडकून बसतो. शेवटी गरम पाण्याने आणि साबणाने तो नीट काढला नाही, की नवा टॉवेल पहिल्या धुण्यात बादली रंगवतो. लोक त्याला ‘कच्चा रंग’ म्हणतात. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, शेवटची धुलाई अपुरी झालेली असते.

हे अर्थ ओळखण्याची खूण वाक्यातच असते. प्रतिक्रिया असेल तिथे इंग्रजीत ‘रिॲक्ट टू’ येतं: शी रिॲक्टेड टू द न्यूज. अभिक्रिया असेल तिथे ‘रिॲक्ट विथ’: द डाय रिॲक्ट्स विथ कॉटन. पाठच करायचं असेल तर मुलांनी हे दोन छोटे शब्द पाठ करावेत.

दवाखान्यात हाच शब्द चुकला तर किंमत मोठी आहे. ॲडमिट करताना फॉर्मवर विचारतात, पूर्वी कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती का? ‘पुन्हा कृती’ शिकलेलं पोर आजीचा फॉर्म भरताना त्याचा अर्थ ‘हे औषध पुन्हा घेतलंय का’ असा लावू शकतं. तिथे औषधाचं नाव, नेमकं काय झालं (पुरळ, ओठ-डोळे सुजणे, धाप लागणे) आणि औषध घेतल्यावर किती वेळात झालं, एवढं लिहायचं असतं. पेनकिलरने पोटात जळजळ झाली तर तो बहुधा दुष्परिणाम असतो, ॲलर्जी नसते. तरीही लिहावं, कशात मोडतं ते डॉक्टर ठरवतील. आपल्या बोलीत ‘रिॲक्शन आली’ म्हणजे वाईटच झालं असं ठरलेलं आहे. इंग्रजीत तो शब्द एरवी तटस्थ असतो, म्हणून तिकडे त्याला ‘ॲलर्जिक’ किंवा ‘ॲडव्हर्स’ असं विशेषण जोडताना दिसतात.

आता ‘ॲक्ट म्हणजे कृती’. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. ॲक्शन, ॲक्टिव्ह, ॲक्टर, रिॲक्शन हे सगळे एकाच लॅटिन क्रियापदाचे, ‘आगेरे’चे वंशज आहेत. पण ‘कृती’ हा त्याचा पहिला अर्थ नव्हे. १८७९ सालचा लुईस आणि शॉर्ट यांचा लॅटिन कोश इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, त्यात ‘आगेरे’ उघडून बघा. पहिला अर्थ आहे हलवणे, चालवणे, आणि त्यातच गुरं हाकणे. संस्कृतातला ‘अज्’ धातू, ‘अजति’ म्हणजे हाकतो, हा त्याचा सख्खा नातेवाईक. आपल्या ‘कृ’शी त्याचं रक्ताचं नातं नाही. हाकणे, मग काम चालवणे, मग कोर्टात दावा चालवणे, मग रंगमंचावर भूमिका वठवणे, असा पसारा लॅटिनमध्येच झालेला आहे.

‘ॲक्टर’ची ओळ इथेच कोसळते. त्याच कोशात ‘आक्तोर’चे अर्थ बघा. गुरं हाकणारा आहे, कोर्टातला वादी आहे आणि नट आहे. नट हा ‘कृती करणारा म्हणून हिरो’ झालेला नाही, भूमिका वठवणारा म्हणून झाला. जुना ‘करणारा’ हा अर्थ आजही जिवंत आहे, फक्त बातम्यांत. ‘नॉन-स्टेट ॲक्टर’ म्हणजे सरकार नसलेला पण घडामोडींत हात असलेला गट. सायबर गुन्ह्यांच्या बातमीतला ‘बॅड ॲक्टर’ म्हणजे वाईट हेतूने वागणारा, अभिनय न जमणारा नव्हे. आणि शाळेच्या नोटिशीवर ‘ॲक्टिंग प्रिन्सिपल’ असेल तर ते प्रभारी मुख्याध्यापक.

‘ॲक्शन’बद्दल थोडक्यात. कोर्टाच्या कागदावर ‘कॉज ऑफ ॲक्शन’ हे दाव्याचं कारण असतं, ऑफिसच्या मेमोत ‘ॲक्शन’ ही कारवाई असते. दोन्हीकडे ‘कृती’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही. लिहिताना एक जागा सांभाळा. ‘इन’ आणि ‘ॲक्शन’ वेगळे लिहिले तर प्रत्यक्ष काम करताना, जोडून लिहिले तर निष्क्रियता.

‘ॲक्टिव्ह’ आणि ‘ॲक्टिव्हेट’ यांचा गोंधळ बँकेत कळतो. ॲक्टिव्हेट करणे ही एकदाची घटना आहे, ॲक्टिव्ह असणे ही टिकवावी लागणारी अवस्था. खातं उघडून ॲक्टिव्हेट केलं आणि दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते ‘इनऑपरेटिव्ह’ होतं. मग केवायसीचे कागद देऊन ते रिॲक्टिव्हेट करावं लागतं. म्हणून ‘माय अकाउंट इज ॲक्टिव्हेट’ हे व्याकरणातही चूक आणि अर्थातही अर्धवट. एकतर ‘हॅज बीन ॲक्टिव्हेटेड’ म्हणा, नाहीतर ‘इज ॲक्टिव्ह’. व्याकरणातला ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ही ‘कृती करणाऱ्याचा’ नसतो. ‘ही रिसीव्ह्ड अ ब्लो’ या वाक्यातल्या माणसाने काहीच केलेलं नाही, मार खाल्लाय, तरी वाक्य ॲक्टिव्हच. तिथे क्रियापदाचं रूप बघायचं, कर्ता किती हातपाय हलवतो ते नाही.

राहिले घुसवलेले पाहुणे. ‘फॅक्ट’ हा ‘फाकेरे’, म्हणजे करणे किंवा बनवणे, या वेगळ्या क्रियापदातून आला, आणि ‘फॅक्टरी’ही तिथलीच. ‘ॲट्रॅक्ट’ ‘ॲट्र’ आणि ‘ॲक्ट’ असा तुटत नाही. तो ‘ॲट’ आणि ‘ट्रॅक्ट’ असा तुटतो, आणि ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे. ट्रॅक्टर त्याचाच भाऊ. ‘काँटॅक्ट’ हा ‘काँ’ आणि ‘टॅक्ट’, म्हणजे स्पर्श. शेवटची अक्षरं जुळली की नातं जुळत नाही, शब्द कुठे तुटतो ते आधी बघावं लागतं. या घरातले खरे सदस्य फॉरवर्डमध्ये आलेच नाहीत. ‘एजंट’ आणि ‘अजेंडा’ ‘आगेरे’चेच. ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणजे व्यवहार पलीकडे नेऊन पुरा करणे. आणि ‘एक्झॅक्ट’सुद्धा. बाहेर हाकणे, मग वसूल करणे, मग मोजून-तोलून बघणे, आणि त्यावरून ‘अगदी बरोबर’.