कोटावर 'कडक इस्त्री' मारणाऱ्यांनो, हात आवरा

नेव्ही ब्लू लोकरीचा कोट. नवरदेवाचा, मी शिवलेला. बाही अशी बसवली होती की खांद्यावर एक सुरकुती दिसू नये. लग्न झालं, कोट कुठेतरी ड्रायक्लीनला गेला आणि परत माझ्याकडे आला, कारण "ताई, बाही जरा विचित्र दिसतेय". विचित्र? खांद्याची गोलाई टेबलावर चेपून सपाट केलेली, बाहीला मधोमध शर्टासारखी घडी, आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना तेल लागल्यासारख्या चकाकणाऱ्या दोन रेघा. वर पावतीवर 'स्टीम प्रेस'चे वेगळे पैसे!

आपल्याकडे इस्त्री म्हणजे कडक इस्त्री. खादीच्या कुर्त्याला लागते ती. पाणी शिंपडा, वजन टाका, कराकरा घासा, धार काढा. सुती कापडाला ते चालतं, म्हणून जगातल्या प्रत्येक कापडाला तेच करायचं, हा कुठला न्याय? लोकर हा केस आहे हो, केस! वाफ लागली की तो ओलावा पितो, गरम होतो, मऊ पडतो आणि तेव्हा त्याला जो आकार द्याल तो थंड होऊन सुकल्यावर धरून ठेवतो. सगळी कला त्या 'थंड होऊन सुकल्यावर' मध्ये आहे आणि नेमका तेवढाच धीर कोणाकडे नाही.

हा कोट कसा बनला होता ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. मुंढ्याचा, म्हणजे कोटाला बाही जोडतात त्या भोकाचा, घेर २० इंच होता, बाहीचा वरचा गोल भाग साडेएकवीस. हा दीड इंच जास्तीचा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण खांद्याचं हाड गोल आहे आणि बाहीला त्याच्यावरून वळायचं आहे. आता तो दीड इंच चुण्या न पाडता मुंढ्यात घालायचा. त्यासाठी बाहीच्या गोलावर दोन ओळी लांब टाक्यांच्या मारते, एक शिलाईच्या रेषेला लागून आणि दुसरी मायेत, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडात. धागे हळूहळू ओढले की बाही वाटीसारखी होते आणि कडेला बारीक झोल दिसतो. अगदी माथ्यावरच्या इंचभर जागेत झोल ठेवत नाही, कारण तिथे कापडाचे धागे सरळ असतात आणि ते फारसे आटत नाहीत. तो पुढच्या आणि मागच्या उतारावर ढकलते, जिथे कापड तिरपं चालतं.

मग हॅम. लाकडाच्या भुशाने घट्ट, अगदी दगडासारखी ठासलेली अंडाकृती उशी, एका बाजूला सुती कापड आणि दुसऱ्या बाजूला लोकरीचं. तिच्या निमुळत्या टोकावर बाही उलटी चढवायची आणि इस्त्री अर्धा इंच वर धरून वाफ सोडायची. टेकवायची नाही, वर धरायची. झोल डोळ्यांदेखत आत जातो, धागे एकमेकांजवळ सरकतात. मग फक्त टोकाने मायेचा भाग दाबायचा, शिलाईच्या रेषेच्या पलीकडे जायचं नाही. पलीकडे गेलात की मेहनतीने आणलेली गोलाई गेलीच. आणि यानंतर बाहीला हात लावायचा नाही. पूर्ण गार आणि कोरडी होईपर्यंत हॅमवरच. वाफ निघत असताना उचललीत की झोल पुन्हा बाहेर, आणि मग मुंढ्याला जोडताना चुण्याच चुण्या. मग मदतनीस म्हणतो, "जरा दाबून इस्त्री मारू का?" नको रे बाबा, नको!

सपाट टेबलावर हा कोट पसरून कोणी वजनदार इस्त्री फिरवतो तेव्हा तो हे सगळं उलटं करत असतो. तीच वाफ, तीच उष्णता, फक्त आकार सपाट. लोकर बिचारी तोही शिकते.

आणि आता त्या चकाकीबद्दल. लोकरीच्या पृष्ठभागावर बारीक केस उभे असतात, त्यांच्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून कापड मऊ, मंद दिसतं. इस्त्रीचा तापलेला पत्रा थेट टेकवून दाबलात, घासलात, की ते केस आडवे चिकटतात आणि आरशासारखा प्रकाश फेकतात. गडद रंगात आणि गॅबर्डीनसारख्या गुळगुळीत विणीत हे सगळ्यात आधी दिसतं. ज्या दोन रेघा सांगितल्या ना, त्या शिवणीच्या आतल्या मायेच्या कडा होत्या. खाली जास्त पदर, बाजूला कमी, वरून सपाट इस्त्री: उंच भागावर चमक येणारच. यासाठीच तर स्लीव्ह रोल आहे, भुशानेच भरलेली लांबट गोल वळकटी. शिवण तिच्या माथ्यावर ठेवली की मायेच्या कडा दोन्ही उतारांवर खाली झुकतात, इस्त्रीचं टोक फक्त शिलाईच्या रेषेवरून जातं आणि कडांचा ठसा उमटत नाही. वाफ द्यायची, मग वर गुळगुळीत लाकडाचा ठोकळा टेकवून धरायचा. लाकूड ओलावा आणि उष्णता खेचून घेतं, शिवण पातळ बसते आणि पत्रा घासावाच लागत नाही. सुलट बाजूने काम करणं भागच असेल तर मधे मांजरपाटाचा दमट तुकडा, नाहीतर लोकरीचाच तुकडा. एवढं काय अवघड आहे? पाच मीटर मांजरपाटाला कितीसे पैसे लागतात?

ताज्या चकाकीला मी पांढऱ्या व्हिनेगरचे थोडे थेंब घातलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड ठेवते, वरून वाफ देते आणि गरम असतानाच ब्रशने केस उभे करते. निघते, पण केस घासून तुटलेच असतील तर काही केल्या निघत नाही. त्या कोटाच्या एका खांद्यावरची निघाली. दुसऱ्या खांद्यावरची तशीच आहे, आणि मला ती दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, "चालेल हो". नाही चालत!

आणखी एक ताप. गिऱ्हाईक 'प्युअर वूल' म्हणून जे कापड आणतं त्यात पुष्कळदा टेरीवूल निघतं. अर्धं पॉलिएस्टर. ते वाफेने फारसं आटत नाही, कितीही धरा, बराचसा झोल जिथल्या तिथे. वर पत्रा जास्त तापला तर पॉलिएस्टर मऊ पडून चकाकतं, आणि ती चकाकी कायमची. कडेचा एक धागा काढून जाळून बघा: लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतं. दोन्ही मिसळलेलं असेल तर चुरा करताना मधे तो मणी टोचतो. मी आता कापड हातात आलं की गिऱ्हाइकासमोरच धागा जाळते. टेरीवूल निघालं तर बाहीचा दीड इंच झोल पाऊण इंचावर आणते आणि कागदावर तसं लिहून देते, म्हणजे नंतर "ताई, चुण्या का?" नको.

लोकरीचा कोट परत करताना आता त्याला चिठ्ठी पिनने लावते: 'फक्त हँगरवर वाफ. टेबलावर नको. घडी नको.' मागच्या आठवड्यात असाच एक कोट परत आला. चिठ्ठी जागच्या जागी होती, आणि तिच्यावरही इस्त्री मारलेली होती.