कॉफी पिऊन झोपणारा माणूस

दुपारी अडीचची मीटिंग ही माणसाची झोप मोडण्यासाठी नसून ती लागावी म्हणूनच ठेवलेली असते, असं माझं मत आहे. घरून काम करताना कॅमेऱ्यासमोर दोनदा मान पडल्यावर मी 'कॉफी-डुलकी'चा प्रयोग करायचं ठरवलं.

तत्त्व सोपं. दिवसभर मेंदूत ॲडिनोसीन साठतं, म्हणून पेंग येते. कॅफीन जाऊन त्याच्या जागा अडवतं. पण पोटातून मेंदूपर्यंत पोचायला त्याला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात डुलकी काढली की ॲडिनोसीन थोडं ओसरतं, आणि उठताना मोकळ्या जागांवर कॅफीन हजर! म्हणजे रुमाल टाकून एसटीत जागा धरावी तसं.

आईला म्हटलं, "कॉफी कर, मला झोपायचंय." तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि कपात भरपूर जायफळ किसलं. "झोप लागेल हो छान." शिवाय कॉफी उकळती. बशीत ओतून, फुंकर मारत संपवायला पंधरा मिनिटं गेली. आडवा झालो तेव्हा कॅफीन दाराशी येऊन उभं होतं. डोळे मिटून नुसता पंखा ऐकला.

दुसऱ्या दिवशी इन्स्टंट कॉफी, तीन चमचे, कोमट पाण्यात, दूध-साखरेशिवाय. काढ्यासारखी एका दमात घशाखाली ढकलली. झोप लागली, पण गजर बंद करून मी तासभर घोरलो. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला आपण कोण, हेच आठवायला वेळ लागतो. मीटिंगमध्ये मी स्वतःचाच मुद्दा खोडून काढला.

तिसऱ्या दिवशी गजर वीस मिनिटांचा आणि फोन दूर कपाटावर. मधेच खाली भंगारवाल्याची आरोळी, त्यामुळे धड झोप नाहीच, नुसती गुंगी. तरी उठलो तो ताजातवाना! इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या 1997च्या प्रयोगात म्हणे नुसती गुंगीही उपयोगी पडली होती. साडेतीनपर्यंत मी तीन महिने रखडलेली एक्सेल शीट निपटली. एवढंच नाही, तर मीटिंगमध्ये प्रश्नही विचारले, जे कोणालाच आवडलं नाही.

फक्त त्या प्रयोगातली मंडळी होती मुद्दाम अर्धवट झोपेवर ठेवलेली, आणि त्यांना बनावट गाडीत बसवून कंटाळवाणा रस्ता चालवायला दिला होता. मी मात्र आठ तास झोपून, वर वरणभात चेपून बसलेला. मला झालेला फायदा कॉफीचा, डुलकीचा की कपाटापर्यंत चालल्याचा, कोण सांगणार?

शिवाय कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. दुपारी दोनला घेतलेल्यातलं अर्धं संध्याकाळी सातला माझ्या अंगात होतं आणि मध्यरात्री पाव. एक वाजता मी ताजातवाना, छताकडे बघत. बायको कुशीवर वळून म्हणाली, "अहो, आता मीटिंग घ्या ना."

पहाटे कधीतरी डोळा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी खरोखर अर्धवट झोपेवर होतो. लफबरोवाल्यांनी मला बिनविरोध घेतलं असतं. मी कॉफीचा डबा उघडला.