ओला, सुका आणि उपसूचना

चिटणीसांनी जिन्यात गाठून "तुम्ही लिहिता ना" असं म्हटलं, की पुढचं वाक्य फुकटच्या कामाचं असतं. या तीन शब्दांपायी मी याआधी पाण्याच्या टाकीवर, लिफ्टमधल्या पिचकाऱ्यांवर आणि गच्चीत वाळत घातलेल्या पापडांच्या चोरीवर नोटिसा लिहिल्या आहेत. या वेळी विषय कचऱ्याचा होता. "ओला वेगळा, सुका वेगळा, डब्यांचे रंग, सुरू करायची तारीख. चार ओळी हो. ग्रुपवर टाकायच्या आणि लिफ्टजवळ चिकटवायच्या. दहा मिनिटांचं काम."

चार ओळींनी अख्खा फेब्रुवारी खाल्ला. आमच्या चाळीस फ्लॅटांच्या सोसायटीत सर्वसाधारण सभेचा कोरम भरायला घरोघरी बेल वाजवत फिरावं लागतं. पण कचऱ्याचा मसुदा ग्रुपवर पडला आणि गेल्या तीन वर्षांत ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते उपसूचना घेऊन दारात उभे राहिले.

रंगांवर तरी वाद होणार नाही असं वाटलं होतं. ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा, हे देशभर ठरलेलं आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते, त्यामुळे तिसरा डबा लाल घ्यायचा ठरलं. खजिनदार बोहरी आळीत गेले आणि घाऊक भावात मिळाल्या म्हणून मरून रंगाच्या चाळीस बादल्या घेऊन आले. "लालच आहे की, जरा पिकलेला." त्या कशाबशा तिसरा डबा म्हणून खपवल्या. मग एका वास्तुशास्त्रवाल्या काकांनी विचारलं, की हिरवा डबा आग्नेयेला चालेल का. त्यांचं स्वयंपाकघरच आग्नेयेला असल्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटला.

खरी लढाई 'ओला म्हणजे काय' इथे पेटली. मी भाबडेपणाने 'भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेलं अन्न' असं लिहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच हरकत घेतली. "उरलेलं अन्न काढून टाका. आमच्याकडे काही उरत नाही." तासाभरात आणखी बऱ्याच जणींनी त्याला दुजोरा दिला. ग्रुपवरचे मेसेज पाहिले तर आमच्या इमारतीत आमटीचा थेंबसुद्धा उरत नव्हता. कचरा उचलणाऱ्या ताईंना हे वाचून दाखवलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना हातगाडीचा आधार घ्यावा लागला.

अंड्याच्या टरफलांचं आणखी अवघड. टरफल हातानं चुरून टाकलं तर खताला चांगलंच असतं. पण नोटिशीत 'अंडी' हा शब्द आला तर ती कुणीतरी खातं हे सोसायटीने लेखी मान्य केल्यासारखं होईल, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. कागदोपत्री आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. सोमवारी सकाळी डब्यात हाडं सापडतात, ती वरून घार टाकते.

या सगळ्याला एक इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमागे विटांचा खड्डा बांधून आम्ही खत करायला घेतलं होतं. एका घरातून रोज पाऊण-एक किलो ओला कचरा निघतो, म्हणजे चाळीस घरांचा तीस-चाळीस किलो. तो आम्ही येईल तसा खड्ड्यात ओतत गेलो. पंधरवड्यात खालच्या मजल्यावरचे लोक नाकाला रुमाल लावून फिरायला लागले आणि 'ही थेरं बंद करा' असा ठराव झाला. यंदा पुन्हा सुरू करण्याआधी मी आमच्या माळीकाकांना विचारलं. खरं तर विचारायला हवं होतं ते तेव्हाच, पण तेव्हा कमिटीत दोन इंजिनिअर होते.

माळीकाका म्हणाले, "साहेब, तुम्ही खत नव्हतं केलं. तुम्ही आमटी साठवली होती." ओल्या कचऱ्यात मुळातच पाणी भरपूर, त्यात वरण, ताक आणि खरकटं धुतलेलं पाणी. सगळी भोकं पाण्यानं भरली, हवा आत जाईना, की कचरा कुजण्याऐवजी सडतो. नासक्या अंड्यासारखा वास आला तर समजावं, आत हवा नाही. नाकात झोंबणारा उग्र वास आला तर पानं कमी पडली. दोन्हींवर औषध एकच: बादलीभर ओल्याला निदान अर्धी बादली सुकी पानं, आणि चार-पाच दिवसांनी फावड्याने वरखाली. मूठभर घेऊन घट्ट पिळायचं. हाताला ओल लागावी, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. गळला तर आणखी पानं. नीट जमलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढीग आतून तापतो, सकाळी उकरला तर वाफ निघते आणि दीड-दोन महिन्यांत त्याची काळी, मातीच्या वासाची भुसभुशीत पूड होते.

म्हणून मसुद्यात मी 'अन्न गाळणीत निथळून, मगच हिरव्या डब्यात' अशी ओळ घातली. त्यावर काकूंचं उत्तर: "कोणतं अन्न? सांगितलं ना, आमच्याकडे उरत नाही."

मग नारळ. मला वाटत होतं करवंटी झाडाची, म्हणजे ओली. ताईंना वाटत होतं ती कडक, म्हणजे सुकी. माळीकाकांच्या मते ती डोकेदुखी, कारण वर्षभर पडून राहिली तरी ती कुजत नाही आणि फावडं नेमकं तिच्यावरच खणकन आपटतं. शेवटी करवंट्या वेगळ्या पोत्यात टाकायच्या असं ठरलं. नारळाच्या शेंड्या मात्र विसकटून खड्ड्यात, त्या पानांच्या जागी चालतात. आंब्याच्या कोयींवर स्वतंत्र उपसमिती नेमायचा विचार होता, पण माळीकाकांनी "त्या मला द्या" म्हणून विषय संपवला. खड्ड्यात टाकल्या असत्या तर पावसाळ्यात तिथे आमराई उगवली असती आणि तिच्या मालकीवरून सहकार न्यायालयात जावं लागलं असतं.

सुक्या कचऱ्यात सगळ्यात बारीक भांडण दुधाच्या पिशवीचं. पिशवी धुवायची, उलटी टांगून वाळवायची आणि निळ्या डब्यात टाकायची, इथवर एकमत. अडलं कोपऱ्यावर. आपण पिशवीचा कोपरा कात्रीने उडवतो. नखाएवढा तो त्रिकोण ओट्यावरून भाजीच्या देठांबरोबर हिरव्या डब्यात जातो, तिथून खतात आणि खतातून कुंडीत. तो कुजत नाही आणि वेचायलाही सापडत नाही. उपाय फुकटचा आहे: कोपऱ्याला चीर द्यायची, पण तो तोडायचा नाही, लोंबकळू द्यायचा. हे मी नोटिशीत लिहिलं तर खजिनदार म्हणाले, "आता पिशवी कशी फोडायची हेही सोसायटी सांगणार?" घरी हीच सूचना मी बायकोला केली, तेव्हा तिने कात्री माझ्या हातात दिली. सकाळचं दूध तेव्हापासून माझ्याकडे आहे.

तिसऱ्या डब्याजवळ येऊन मात्र सगळी वक्तृत्वं आटली. सॅनिटरी पॅड हा शब्द लिफ्टजवळ चिकटवायचा कसा? अध्यक्षांनी 'वैयक्तिक कचरा' असं सुचवलं. तशी एक प्रत नमुन्यादाखल एका मजल्यावर फिरवली, तर एका निवृत्त बँकवाल्या आजोबांनी तिसऱ्या डब्यात जुनी पासबुकं आणि विम्याची कागदपत्रं टाकून वर झाकण दोरीने बांधलं. वैयक्तिक म्हणजे त्यांच्या लेखी तेच. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "दादा, सरळ लिहा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की मी पुडी उघडत नाही. नाहीतर सुका कचरा निवडताना मला हाताने सोडवून बघावं लागतं." पुण्यात कचरावेचक ताई हा लाल ठिपका बरीच वर्षं मागत आल्या आहेत. ती ओळ जशीच्या तशी गेली आणि तिला कुणी उपसूचना दिली नाही. दाढीची पाती, फुटकी काच, सेल आणि मुदत संपलेली औषधंही तिसऱ्याच डब्यात, पण काच नि पाती जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून.

उरली तारीख. पाडव्याचा मुहूर्त धरावा म्हटलं तर "सणाच्या दिवशी कचऱ्याचं काय काढता?" अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यायचं असतं. आषाढात नवं काही नको. श्रावणात उपास, भाद्रपदात गणपती, पाठोपाठ पितृपक्ष. मी सरळ माळीकाकांचं पंचांग धरलं. फाल्गुनात पानगळ होते, पानं फुकट मिळतात. ती पोत्यांत भरून ठेवली तर वर्षभर पुरतात. पावसाळ्यात सुरू करायचं तर पानंही ओली आणि ढीगही ओला, म्हणजे पुन्हा आमटी. तेव्हा पानं मार्चमध्ये भरायची आणि 1 एप्रिलला सुरुवात करायची. त्यावर ग्रुपवर फक्त दात काढणारे चेहरे आले. या तारखेची नोटीस कुणी खरी मानणार नाही, हे मलाही पटलं. शेवटी 2 एप्रिल ठरली.

तरी निम्मे लोक गप्पच होते. मग मी शेवटी एक ओळ वाढवली: खतप्रकल्प चालू ठेवणाऱ्या सोसायट्यांना पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते. तोवर पर्यावरणाला जे जमलं नव्हतं, ते या ओळीने अर्ध्या तासात केलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. वास्तुवाल्या काकांनी तर दोन अंगठे पाठवले.

2 एप्रिलला सुरू झालं आणि बऱ्यापैकी चाललं. पहिल्या आठवड्यात हिरव्या डब्यांत चिप्सची पाकिटं निघत होती. ताई डबा भरलेला तसाच दारात परत ठेवायच्या, एका शब्दाने बोलायच्या नाहीत. दार उघडल्यावर शेजाऱ्यांसमोर स्वतःचाच कचरा परत मिळणं कुणाला दोनदा सोसवत नाही. मेअखेरीस माळीकाकांनी पहिलं खत चाळलं. चाळणीवर दुधाच्या पिशव्यांचे बरेच त्रिकोण, भाजीवाल्याचं एक रबर आणि एक स्टीलचा चमचा राहिला. चांगला, जड, देठावर वेलबुट्टी असलेला.

चमचा धुऊन लिफ्टजवळ दोऱ्याने टांगला आणि ग्रुपवर फोटो टाकला. कुणाचा आहे म्हणून कुणी बोलेना. चमचा आपला म्हणायचं, तर तो उरलेल्या आमटीबरोबर गेला हेही आपलंच म्हणावं लागलं असतं. तो आठवडाभर तसाच लोंबकळत होता आणि येणारी-जाणारी मंडळी त्याच्याकडे अनोळखी नजरेने पाहत होती. मग एका पहाटे नुसता दोरा उरला. वॉचमनला ठाऊक आहे चमचा कुणी नेला. पण तो सांगत नाही, कारण रोज संध्याकाळचा त्याचा चहा दुसऱ्या मजल्यावरून येतो.