सख्ख्या मामाच्या हाती मूल का दिले नाही

★ “लॉनवरच्या लग्नात मुलांचा कोपरा होता. खेळ चांगले होते, पण माझा सख्खा भाऊ घ्यायला गेला तर लेकराला सोडलंच नाही. पाच वर्षांचा पोरगा अर्धा तास रडला. मामा काय चोर आहे का?”

आदरणीय ताई,

आपल्या मुलाला रडावे लागले आणि आपल्या बंधूंना सर्व पाहुण्यांसमोर ताटकळावे लागले, याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

तरीही ‘सोडलंच नाही’ हे शब्द मला फार लागले, म्हणून त्या रात्रीची नोंदवही समोर ठेवून लिहिते आहे. आपण सात वाजता मुलाला सोडले, तेव्हा एकाच क्रमांकाचे दोन कागदी पट्टे काढले; एक त्याच्या मनगटावर बांधला, दुसरा आपल्याला दिला. घ्यायला कोण येणार या रकान्यात आपण स्वतःचे आणि आपल्या पतींचे, अशी दोनच नावे लिहून सही केली. बंधू 9 वाजून 10 मिनिटांनी आले, तेव्हा त्यांच्याजवळ पट्टा नव्हता आणि यादीत त्यांचे नावही नव्हते. त्यांनी मोबाइलमधला भाच्यासोबतचा फोटो दाखवला, त्याचे लाडाचे नाव सांगितले आणि मूलही त्यांच्याकडे झेपावले. परंतु लग्नात असा फोटो कोणाजवळही असू शकतो, लाडाचे नाव मांडवभर ऐकू येते, आणि आईवडिलांत वाद असलेल्या घरांत मूल घेऊन जाणारा माणूस बहुधा त्याच्या ओळखीचाच असतो; त्यामुळे मूल ओळखते एवढ्यावर आम्ही कधीच सोडत नाही.

आम्ही आपल्याला तीन वेळा फोन केला. बँडच्या आवाजात तो ऐकू गेला नसावा. तेव्हा आत चौदा मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या आमच्या तीन ताई होत्या. दोघींनी आत थांबलेच पाहिजे, म्हणून एकच आपल्याला शोधायला निघाली आणि आपण तिला स्टेजजवळ फोटोंच्या रांगेत भेटलात. पैठणीवर शोभत नाही म्हणून पट्टा पर्समध्ये ठेवल्याचे आपणच तिला सांगितले होते. 9 वाजून 31 मिनिटांनी आपली सही आहे, म्हणजे एकवीस मिनिटे झाली, अर्धा तास नव्हे. ताई, हा हिशेब मी वादासाठी मांडत नाही. आपला अभिप्राय वाचून दोन यजमानांनी मला फोन केले, आणि माझे वर्षाचे उत्पन्न या लग्नसराईवरच अवलंबून आहे.

एक चूक मात्र पूर्णपणे आमची आहे. बंधूंशी बोलणे मुलाच्या डोळ्यांदेखत दारातच झाले. मामा समोर दिसतो आणि जवळ जाता येत नाही, यानेच ते रडले. त्यांना टेबलापाशी बाजूला नेऊन मुलाला आत चित्रांकडे वळवायला हवे होते. आमच्या ताईंना मी तसे समजावले आहे, दुसरा फोन क्रमांक घेण्याचेही पाहत आहोत. पण पट्टा आणि सही यांचा नियम मी सख्ख्या मामासाठीही सैल करणार नाही.

आपली नम्र,
संचालिका, नागपूर