‘१६ पट सॅम्पलिंग’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

> “लेख वरवरचा आहे. यूआर्टला १६ पट सॅम्पलिंग लागतंच असं नाही. स्टार्ट बिटच्या एजवर इंटरप्ट घ्यायचा, दीड बिट थांबायचं आणि मग एकेक बिटाने वाचत जायचं, काम तेच होतं. पॅरिटीबद्दल काहीच नाही, आकृती हाताने काढलेली, आणि निम्मा लेख कोकणातल्या बोटींच्या गजालींनी भरलाय. मुद्द्याचं लिहा.”

नमस्कार. यूआर्टचा, म्हणजे तारेवरून एकेक बिट घेणाऱ्या सर्किटचा, रिसीव्हर एका बिटाच्या वेळात लाईन सोळा वेळा का बघतो, यावरच्या माझ्या लेखाला ही प्रतिक्रिया आली. ती दोनदा वाचली. लेख लांबला हे मान्य, जेट्टीचे दोन फोटो कमी चालले असते. पण ‘गजाली’ हा शब्द ज्या चालीवर वापरलात ती चाल कळली. बोटीवरचं यंत्र म्हणजे गप्पा आणि टेबलावरचं यंत्र म्हणजे अभियांत्रिकी, असा काही नियम आहे का हो? मिरकरवाड्याला ट्रॉलरच्या केबिनमध्ये डोकं खाली आणि पाय वर करून वायरी जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुमचं ‘दीड बिट थांबा’ मी तिथेच वापरलंय आणि तिथेच सोडून दिलंय. म्हणून त्या एका वाक्यावरच बोलतो.

आधी त्या पद्धतीचं जे खरं आहे ते. बाकी काही करत नसलेल्या कंट्रोलरवर, स्वच्छ लाईनवर ती उत्तम चालते. उलट इंटरप्टला एज १६ पटवाल्या रिसीव्हरपेक्षा बारीक सापडते. १६ पटवाला आपल्या टिकवरच लाईन बघतो, त्यामुळे एज पडल्यापासून ती दिसेपर्यंत बिटाच्या सोळाव्या भागाइतका उशीर होऊ शकतो. म्हणजे अचूकता हे १६ पटचं कारण नाहीच, आणि मी लेखात तसं कुठे लिहिलेलंही नाही. पुन्हा वाचा.

कारण दुसरं आहे. बोटीवरचा जीपीएस एनएमइए ०१८३ प्रमाणे ४८०० बॉडने बोलतो, म्हणजे एक बिट साधारण २०८ मायक्रोसेकंदांचा. इंजिनाचा स्टार्टर फिरला की लाईनवर वीसेक मायक्रोसेकंदांची खोच पडते. तुमचा इंटरप्ट तिला स्टार्ट बिट समजतो, दीड बिट थांबतो, आणि पुढे लाईन रिकामी, म्हणजे हाय, असल्याने आठही बिट १ वाचतो. स्टॉप बिटही १ मिळतो. हातात येतो 0xFF, आणि स्टॉप बिट न मिळाल्याची फ्रेमिंग एररसुद्धा नाही! खरा बाईट त्याच सुमारास सुरू झाला असेल तर तोही गेला. एटीमेगा ३२८पी या कंट्रोलरचा यूआर्ट रिसीव्हर काय करतो? एज दिसली की ते सॅम्पल १ धरतो, आणि ८, ९, १० ही मधली तीन सॅम्पल बघतो. त्यांतली दोन किंवा तीन हाय असली तर स्टार्ट बिट खोटा ठरवून पुढच्या एजची वाट बघतो. वीस मायक्रोसेकंदांची खोच म्हणजे जेमतेम दीड सॅम्पल, ती मध्यापर्यंत पोचतच नाही. स्टार्ट खरा ठरला तर तिथून दर सोळा टिकला पुढच्या बिटाचा मध्य येतो, आणि तिथेही तिघांचं बहुमत. जुना ८०५१ सुद्धा हेच करत होता, फक्त तो ७, ८, ९ या स्थिती बघतो.

तुम्ही म्हणाल, अर्धा बिट थांबून मीही पुन्हा बघेन. बघा की! मग दुसऱ्या एखाद्या इंटरप्टमध्ये कंट्रोलर ९० मायक्रोसेकंद अडकला की तुमचं सॅम्पल तेवढंच सरकणार, आणि बिटाच्या मध्यापासून कडेपर्यंत जागा आहे १०४. उरलेल्या चौदांत घड्याळाची चूक बसवायची. हार्डवेअरचा मोजणारा कुणासाठी थांबत नाही.

आता घड्याळाची चूक. ही मात्र १६ काय नि ६४ काय, कितीही पटीने जात नाही. दोन्ही टोकांचं घड्याळ वेगळं, जुळवणी फक्त स्टार्टच्या एजला, आणि तिथून चूक साठत जाते. सगळ्यात जास्त साठते ती स्टॉप बिटाच्या मध्याशी, एजपासून साडेनऊ बिटांवर. तिथे अर्ध्या बिटापेक्षा जास्त घसरलात की संपलं: ०.५ भागिले ९.५, म्हणजे सव्वापाच टक्के. त्यातून एज सापडण्याचा सोळावा भाग वजा केला की साधारण ४.६ टक्के, आणि तेही दोन्ही टोकांच्या चुकांत मिळून. म्हणून एटीमेगाच्या डेटाशीटमध्ये आठ बिटांसाठी सल्ला ±२ टक्क्यांचा आहे.

एका बोटीवर जीपीएस वाचणाऱ्या डब्यात वाक्य `$GP` पर्यंत बरोबर यायचं आणि पुढे कचरा. चेकसम नापास. तोच डबा लॅपटॉपला जोडून एकेक अक्षर टाईप केलं तर सगळं व्यवस्थित. डबा कुणी बनवला ते सांगत नाही, पण आत क्रिस्टल नव्हता. ३२८पीचा आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर होता, ज्याची कारखान्यातून हमी ±१० टक्के इतकीच. डब्याला सतत `U`, म्हणजे 0x55, पाठवायला लावलं. त्यात बिट एकाआड एक येतात, त्यामुळे स्कोपवर थेट बिटाची लांबी दिसते. २०८ च्या जागी साधारण २१९ मायक्रोसेकंद, पाच टक्के लांब.

हिशेब करून बघा. शेवटच्या डेटा बिटाचा मध्य एजपासून ८.५ बिटांवर हवा, रिसीव्हर बघतो ८.९३ ला, एजचा उशीर धरला तरी ९ च्या आत, म्हणून अक्षर बरोबर. स्टॉप बिट बघतो ९.९८ ला. उशीर मिळवला की निम्म्याहून जास्त वेळा १० ओलांडतो, म्हणजे पुढच्या अक्षराच्या स्टार्टमध्ये शिरतो आणि तिथे ० वाचतो. शिवाय त्या स्टार्टची एज तोवर निघून गेलेली. मग रिसीव्हर पुढच्या अक्षराच्या पोटातली कुठली तरी एज स्टार्ट म्हणून पकडतो, आणि वाक्य संपून लाईन मोकळी होईपर्यंत कचराच. टाईप करताना अक्षरांमध्ये लाईन हायच असते, म्हणून ती चूक लपते. रिसीव्हर उलट सहा टक्के जलद असता तर स्टॉपचं सॅम्पल शेवटच्या डेटा बिटात गेलं असतं. अॅस्कीत तो ०, म्हणजे टाईप करतानाही फ्रेमिंग एरर. नुसत्या या फरकावरून घड्याळ मंद की जलद ते कळतं.

फ्रेमिंग एरर मोजायच्या असतील तर `FE0` हा बिट `UDR0` वाचायच्या आधी वाचावा लागतो, नंतर तो मिळत नाही:

```c
uint8_t st = UCSR0A;
uint8_t c  = UDR0;
if (st & (1 << FE0)) fe++;
```

तिथे त्या आरसीचा वेग ठरवणारं `OSCCAL` रजिस्टर बदलून, स्कोपवर `U` बघत बिट २०८ वर आणला आणि चेकसम जुळायला लागला. पुढे त्या मालकाला क्रिस्टल बसवायला लावला, कारण तो आरसी तापमान आणि व्होल्टेज दोन्हींनी हलतो, आणि मे महिन्यात केबिनचं काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही गजाली ऐकत नाही.

पॅरिटी या लेखाचा विषय नव्हता. आकृती हातानेच काढतो आणि पुढेही काढणार, आवडत नसेल तर डेटाशीट फुकट मिळतं. तुमचा दीड-बिटवाला कोड असेल तर जरूर पाठवा. फक्त सोबत एखादा टायमर इंटरप्ट चालू ठेवून, समोरून मध्ये मोकळी जागा न सोडता सलग बाईट पाठवून तपासलेला असू द्या.