नऊ पुस्तकं मागे

आज सकाळी भाचीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारलं, सध्या काय वाचतेस गं? तर म्हणाली, "मावशी, सोडलं मी वाचायचं. यावर्षी काही जमत नाहीये. नऊ पुस्तकं मागे आहे मी."

मागे? कुणाच्या मागे?

तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहायला बसले.

झालं असं, की जानेवारीत तिने फोनवरच्या एका ॲपमध्ये वर्षाला ५२ पुस्तकांचं लक्ष्य टाकलं. आठवड्याला एक. ते ॲप रोज हिशोब करतं, की आजच्या तारखेला तुमची इतकी पुस्तकं व्हायला हवी होती आणि झालीत इतकीच. पोरगी 'स्मृतिचित्रे' वाचत होती. ऑफिसातून आल्यावर रात्री सात-आठ पानं, कारण मध्येच थांबून हसायची, एखादा परिच्छेद आईला मोठ्याने वाचून दाखवायची. पाच आठवडे असे गेले आणि ॲपने सांगितलं की तू पाच पुस्तकं मागे पडलीस. मग तिने ते पान २१२ वर मिटून ठेवलं आणि भरपाई म्हणून दोन बारीक पुस्तकं आणली. त्यांत मन लागलं नाही. पुढचे चार आठवडे काहीच नाही. पाच आणि चार नऊ.

मला सांगा, लक्ष्मीबाई टिळकांचं बोट धरून पाच आठवडे चाललेली मुलगी मागे कशी पडली? हे आत्मचरित्र मुळात एका दमात आलेलं नाही. चार भागांत आलं, पहिला भाग १९३४ साली. तेव्हाच्या वाचकांनी एक भाग वाचला, मग पुढच्याची वाट बघितली. आज चारही भाग एका बांधणीत मिळतात, म्हणून ॲप त्याला 'एक पुस्तक' म्हणतं. शंभर पानांची कादंबरीही एक आणि हेही एक. या हिशोबात जाड पुस्तक हातात घेणं हा तोटाच. ५२ च्या मागे लागलेला माणूस कपाटासमोर उभा राहिला की आधी पुस्तकाची जाडी बघतो. मी बघितलीय. म्हणूनच एवढी चिडलेय.

२०२२ साली माझंही लक्ष्य होतं, ५० चं. डिसेंबरच्या पाच तारखेला ३९ झाली होती. उरलेल्या दिवसांत मी अकरा पुस्तकं वाचली. वाचनालयात जायचं, बारीक पुस्तकं निवडायची, दोन दिवसांत संपवून बदलायची. ३१ तारखेला ५० पूर्ण. घरात सगळ्यांना सांगितलं, इथेही फोटो टाकला होता, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी अभिनंदन केलं होतं.

पुढे दीड वर्षाने वाचनालयातून एक छोटी कादंबरी आणली. छान वाटली. चाळीसेक पानं झाल्यावर एक वाक्य उतरवून घ्यावं म्हणून वही काढली, मागची पानं चाळत होते, तर तिथे माझ्याच अक्षरात त्याच कादंबरीचं नाव. २७ डिसेंबर २०२२. पुढे आकडा, ४७. बस, एवढंच.

चाळीस पानं वाचून मला एकही माणूस, एकही प्रसंग ओळखीचा वाटला नव्हता. त्या रात्री मला खरोखर रडू आलं. पुस्तक चांगलं होतं हो. मी ते वाचलंच नव्हतं, फक्त संपवलं होतं.

आता कुणीतरी म्हणेल की आकडा समोर असला की निदान सुरुवात तरी होते. होते, मान्य. २०१९ मध्ये फोनने माझ्या संध्याकाळी खाल्ल्या होत्या, तेव्हा महिन्याला एक या साध्या आकड्यानेच मला परत पुस्तकाकडे आणलं. पण तो आकडा माझ्या संध्याकाळी मोजून आला होता. ५२ हा आकडा कुठून येतो? वर्षात आठवडे ५२ म्हणून. त्यात तुमची पानं, तुमचं घर, तुमची नोकरी कुठे आहे?

भाचीला मी फोनवरच कागद-पेन घ्यायला लावलं. कुठलाही सण, पाहुणा, परीक्षा नसलेले दोन साधे आठवडे धर आणि वाचून उठताना रोज फक्त पान क्रमांक टिपून ठेव. मी हे केलं तेव्हा माझी पानं निघाली आठवड्याला साधारण १५०. कामाच्या दिवशी पंधरा-अठरा, रविवारी साठेक. मग वर्षातले न वाचण्याचे आठवडे आधीच वजा करायचे. माझ्याकडे गणपती, दिवाळी, मार्चअखेर, एखादं लग्न, एखादं आजारपण मिळून दहा जातात. उरले ४२. म्हणजे ६,३०० पानं. सरासरी पुस्तक २५० पानांचं धरलं तर पंचवीस पुस्तकं. आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पंचवीस जमतील म्हणून पंचवीसच लिहितात. मी १८ लिहिते. उरलेली पावणेदोन हजार पानं मोकळी सोडलेली असतात, एखाद्या सहाशे पानी पुस्तकासाठी, आवडलेलं परत वाचण्यासाठी, मध्येच सोडून दिलेल्या पुस्तकांसाठी. ही मोकळी पानं नसतील तर पहिलंच जाड पुस्तक सगळं वेळापत्रक मोडतं आणि मग राग पुस्तकावर निघतो. भाचीचं नेमकं तेच झालं.

त्या १८ ची महिन्यांत वाटणी मी करत नाही. महिन्याला दीड असं लिहिलं की मागे पडणं सुरू झालंच. वर्षातून एकदा, गणपती झाल्यावर, वही उघडून बघते. आकडा ओझं वाटत असेल तर तिथेच खोडून कमी करते. गेल्या वर्षी १८ चे १४ केले. आईचं ऑपरेशन होतं, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी एकच पुस्तक दोनदा वाचलं. ते दोनदा वाचणं मला त्या दिवसांत किती लागलं होतं, हे कुठलं ॲप मोजणार आहे?

आता वहीबद्दल. ती २७ डिसेंबरची ओळ बघितल्यापासून माझी वही बदलली.

साधी दोनशे पानी एकरेघी वही आहे. पुस्तक हातात आलं की त्याच दिवशी एक ओळ लिहिते, तारीख, कुणी सुचवलं, का घ्यावंसं वाटलं. वाचून संपेपर्यंत हे हमखास विसरायला होतं आणि नंतर वाचताना सगळ्यात गोड तेच लागतं. वाचताना एखादं वाक्य थांबवतं, ते उतरवून घेते, पान क्रमांकासकट. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची नाही, तेव्हा वहीच ती जागा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, म्हणून पहिल्या ओळीत आवृत्तीचं सालही टाकते. एका पुस्तकातून एक, फार तर दोन वाक्यं. जास्त उतरवायला लागले की वाचन बाजूला राहतं आणि नक्कल सुरू होते.

पुस्तक संपल्या दिवशी मी काहीच लिहीत नाही. हे मला फार उशिरा कळलं. संपल्या संपल्या लिहिलं की कथानकाचा सारांश उतरतो आणि सारांश तर मलपृष्ठावर असतोच. तीन-चार दिवस जाऊ द्यायचे. भाजी निवडताना, बसमध्ये, त्यातलं काय आपोआप आठवतंय ते बघायचं आणि तेवढंच लिहायचं. 'स्मृतिचित्रे'बद्दल माझ्या वहीत काय आहे, ते जसंच्या तसं देते: "वडिलांच्या कमालीच्या सोवळ्याचं लिहिते तेव्हा हसू येतं, पण घरातल्या बायांनी ते कसं निभावलं असेल या विचाराने मग हसू मावळतं. बाई कुठेही स्वतःची कीव करत नाही. आपली आजी अशीच बोलायची, भांडण सांगतानाही मजा आणायची." संपलं. एवढ्या चार ओळी वाचल्या की अख्खं पुस्तक माझ्यासमोर उभं राहतं. ४७ या आकड्याने काय उभं राहिलं होतं? काहीच नाही.

तारे देत नाही. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय, हे मलाच सहा महिन्यांनी कळत नाही.

वहीच्या शेवटून उलटी दोन-तीन पानं सोडलेल्या पुस्तकांसाठी आहेत. नाव, कुठल्या पानावर सोडलं, का सोडलं. "पान ६४, भाषा जड, आत्ता डोकं थकलंय, पावसाळ्यात परत बघू" अशी नोंद असली की सोडल्याची टोचणी राहत नाही. त्यातली चार पुस्तकं मी नंतर खरंच परत घेतली आणि दोन तर फार आवडली.

आणि हो, वहीचंही ओझं होतं, नाही असं नाही. रंगीत पेनं, चिकटपट्ट्या, सजावट सुरू झाली की पुस्तक संपल्यावर नोंदीचं काम शिल्लक राहतं. ज्यांना त्यात आनंद आहे त्यांनी जरूर करावं. पण तीन पुस्तकांच्या नोंदी राहिल्या म्हणून चौथं उघडायला मन घेत नाहीये, असं झालं तर त्या तिघांची नुसती नावं लिहा आणि पुढे जा. मी तसं केलंय. काही बिघडत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाचीवर तर नव्हताच. उलट वाईट वाटलं, की माझा तो ५० चा फोटो तिनेही तेव्हा बघितला असणार, कदाचित तिथूनच हे तिच्या डोक्यात बसलं. त्या फोटोखाली मी कुठेही लिहिलं नव्हतं की शेवटच्या अकरांतलं एकही मला आठवत नाही. ते आज लिहितेय.

फोन ठेवताना तिला विचारलं, पुस्तक कुठे आहे? म्हणाली, "उशाशीच आहे गं. बसच्या तिकिटाची खूण अजून पान २१२ वरच आहे." मग स्वतःहूनच पुढे सांगायला लागली, त्या पानावर काय चाललंय ते. वीस मिनिटं बोलत होती. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

रविवारी जेवायला येतेय. तिच्यासाठी दोनशे पानी वही आणून ठेवलीय.