शाळा सार्वजनिक काम करते, म्हणून रिट चालते?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: “आता हायकोर्ट कोल्हापुरातच आलंय. खासगी शाळा असो नाहीतर बँक, ती सार्वजनिक काम करते. कामावरून काढलं तर थेट रिट टाका. सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा निकाल आहे!”

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं भरतंय, हे खरंच. पण त्यानं मुंबईची वारी वाचली, रिटचा, म्हणजे थेट हायकोर्टाकडं आदेश मागण्याचा, आवाका वाढला नाही.

निकालही खरा आहे, फक्त अर्धाच फिरतोय. अहमदाबादच्या एका विश्वस्त संस्थेनं कॉलेज बंद केलं आणि प्राध्यापकांची देणी थकवली. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली ‘कोणत्याही व्यक्ती’विरुद्ध रिट निघू शकते, त्यामुळे खासगी संस्थेलाही आदेश देता येतो, असं कोर्टानं म्हटलं. मात्र ते कॉलेज विद्यापीठाशी संलग्न होतं आणि सरकारी अनुदान घेत होतं. हक्क निव्वळ खासगी स्वरूपाचा असेल तर रिट नाही, हेही त्याच निकालात लिहिलंय. फॉरवर्डमध्ये नेमकं तेवढंच गळलं.

बँकेचं थोडक्यात: खासगी बँकेच्या बडतर्फ शाखा व्यवस्थापकाची रिट सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये नाकारली. रिझर्व्ह बँकेची देखरेख असली तरी धंदा तो धंदाच.

खरा घोळ शाळेचा आहे. शिक्षण देणं हे सार्वजनिक काम, यावर वाद नाही. पण प्रश्न संस्थेचा नसतो, तिच्या त्या विशिष्ट कृतीचा असतो. समजा, शहरातल्या एका विनाअनुदानित शाळेनं आरटीईच्या पंचवीस टक्के जागांवर निवड झालेल्या मुलाला दारातून परत पाठवलं. कायद्यानं टाकलेलं कर्तव्य तिनं मोडलं, तिथं रिटला आधार आहे. त्याच शाळेनं क्लार्कला काढलं तर? कृती नोकरीच्या करारातली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढच्या सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात कर्मचारी असाच कार्यालयातला होता. सेवाशर्तींवर वैधानिक नियमांचा ताबा नसेल, तर शाळा सार्वजनिक काम करते एवढ्यावर नोकरीची रिट चालत नाही, असं कोर्टानं सांगितलं. सीबीएसईची संलग्नताही त्याच्या कामी आली नाही, कारण ते नियम कायद्यानं केलेले नाहीत.

“आपल्याकडं तर १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे, म्हणजे वैधानिक नियम आलेच की!” आले. मान्यताप्राप्त शाळेतला क्लार्कही त्यात येतो. पण त्याच कायद्यानं वेगळं दारही दिलंय: कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडं अपील. असा मार्ग असताना हायकोर्ट सहसा म्हणतं, आधी तिकडं जा. अपिलाला मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. रिट फेटाळली जाईपर्यंत ती उलटलेली असते, आणि मग अपिलाआधी विलंब माफीचा अर्ज करून, इतके दिवस कुठं होतात, याचं उत्तर द्यावं लागतं. न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला, तर त्याला आव्हान द्यायला मात्र सर्किट बेंच आहेच.